पेपरमिंट तेलाने आतड्याची कळ कशी थांबते?

प्रश्न: मला आयबीएस, म्हणजे पोटात वारंवार कळ येण्याचा आतड्याचा विकार आहे. डॉक्टरांनी पेपरमिंट तेलाची कॅप्सूल दिली. ती नेमकं काय करते? आणि घेतल्यावर छातीत का जळजळतं?

या तेलातलं मेन्थॉल आतड्याच्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरण्याचे दरवाजे अडवतं, म्हणून आवळलेला स्नायू सैल पडतो. मी सोलापुरात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो. आतड्याचा स्नायू आकुंचन पावायला बाहेरून कॅल्शियम आत यावं लागतं. ते 'एल-टाइप' नावाच्या वाहिन्यांतून येतं. आयबीएसमध्ये हे आकुंचन अवेळी आणि जोरात होतं, तीच कळ. मेन्थॉलमुळे कॅल्शियम कमी शिरतं आणि पीळ सुटतो.

जळजळीचं कारणही हेच. तेल जठरातच सुटलं, तर अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल होते आणि आम्ल वर येतं. म्हणून कॅप्सूलवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. समजा तुम्ही शेंगाचटणी-भाकरी खाऊन लगेच कॅप्सूल घेतली आणि वर अँटासिड प्यायलात. जठरातलं आम्ल कमी झाल्याने आवरण तिथेच विरघळतं, छाती जळते आणि आतड्यापर्यंत तेल पुरेसं पोचत नाही. कॅप्सूल न चावता, जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्या. नेहमीची मात्रा 0.2 मिली, दिवसातून 3 वेळा. अँटासिड घ्यायचंच असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. पुदिन्याचा चहा याला पर्याय नाही, त्यातलं मेन्थॉल वरच सुटतं.

मात्र हे तेल कळ कमी करतं, आजार मुळातून बरा करत नाही. शौचात रक्त दिसलं किंवा वजन घटू लागलं, तर कॅप्सूलवर विसंबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.