गोळ्या लागू पडल्या की डेंग्यू उतरला?

अरे,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, दोन्ही रिपोर्टचे फोटो पण नीट झूम करून बघितले. ऑक्टोबरमध्ये स्पर्म काउंट ९ मिलियन, मोटिलिटी, म्हणजे हलणारे स्पर्म, २४ टक्के, आणि आता जानेवारीत ४१ मिलियन आणि ४८ टक्के. आणि खाली तू लिहिलंयस, "ताई, गोळ्या लागू पडल्या, आता डोस डबल करू का, म्हणजे अजून वाढेल." थांब जरा. डबल तर नकोच, पण मला आधी तारखा बघायच्यात, कारण एकोणीस वर्षं मायक्रोस्कोपखाली हेच मोजतेय आणि नव्वद टक्के गोंधळ तारखांचाच असतो. (नव्वद हा माझा अंदाज, कुठल्या पुस्तकातला नाही.)

गणपतीत तुला डेंग्यू झालेला, आठवतंय ना, २० सप्टेंबरच्या सुमारास, चार दिवस १०३ ताप. पहिलं सॅम्पल तू दिलंस २५ ऑक्टोबरला, म्हणजे तापानंतर ३५ दिवसांनी. स्पर्म सुधारायच्या त्या अँटिऑक्सिडंट गोळ्या त्यानंतर दोन दिवसांनी सुरू. दुसरं सॅम्पल २० जानेवारीला.

आता स्पर्म कसा तयार होतो ते बघ. टेस्टिसमध्ये, म्हणजे अंडकोषात, मूळ पेशीपासून सुरुवात होऊन ती विभागत विभागत, मग शेवटी शेपटी फुटून पूर्ण स्पर्म व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, काही अभ्यासांत जरा कमी पण आले आहेत. तिथून तो बाहेर येतो तरी लगेच पोहत नाही, मागच्या एपिडिडायमिसच्या नळीत आठ-दहा-बारा दिवस फिरत फिरत पक्का होतो. दोन्ही मिळून अडीच-तीन महिने. म्हणजे आज तुझ्या सॅम्पलमध्ये जो स्पर्म दिसतोय त्याची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झालेली. हे कुणाच्या हातात नाही, गोळीच्या पण नाही, गोळी खाऊन ७४ चे ४० दिवस होत नाहीत.

हे तुझ्या तारखांवर लाव. २५ ऑक्टोबरला आलेले स्पर्म तापाच्या दिवशी टेस्टिसमध्ये साधारण पन्नासाव्या दिवशी होते, म्हणजे गुणसूत्रं अर्धी करण्याचं काम नुकतंच संपत होतं आणि शेपटी फुटायचं सुरू होणार होतं. तापाचा फटका जोरात बसतो तो नेमका याच टप्प्यांना. टेस्टिस शरीराबाहेर लटकतात ते उगाच नाही, त्यांना दोन-तीन डिग्री थंड हवं असतं आणि तू चार दिवस त्यांना उकळत ठेवलंस. त्यामुळे ऑक्टोबरचा ९ हा तुझा काउंट नव्हता, तुझ्या डेंग्यूचा काउंट होता. आणि २० जानेवारीवाले? ८५ दिवस मागे मोज, २७ ऑक्टोबर. त्यांनी ताप बघितलाच नाही. गंमत म्हणजे तुझी पहिली गोळी पण २७ ऑक्टोबरचीच! म्हणजे तापातून सावरणं आणि गोळी, दोघांनी एकाच दिवशी गाडी पकडली आणि क्रेडिट गोळीला. गोळी नसती तरी तू बहुतेक इथेच आला असतास. आणि ताप नसलेल्या माणसाचा पण काउंट सॅम्पलगणिक बराच वरखाली होतो, म्हणून खराब आलेला रिपोर्ट पुन्हा केला की पुष्कळदा आपोआप बरा येतो. गोळीविक्रेत्यांचं अर्धं दुकान यावर चालतं, हे माझं मत, रागावू नकोस.

तर गोळीचा परिणाम आणि आपोआप सावरणं हे वेगळं कसं करायचं? अर्ध्या पुरुषांना खरी गोळी, अर्ध्यांना दिसायला तशीच रिकामी, कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत गुप्त. अमेरिकेत असा मोठा ट्रायल झाला, २०२० मध्ये छापून आला, २३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फोलिक अॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक. जिवंत बाळ झालं ३४ टक्के जोडप्यांना, आणि रिकाम्या गोळीवाल्यांत ३५ टक्के. काहीच फरक नाही. उलट स्पर्मच्या डीएनएची मोडतोड गोळीवाल्यांत थोडी जास्त निघाली आणि पोटदुखी, मळमळ पण. त्याच वर्षी दुसरा, लहान, १७१ पुरुषांचा, त्यात व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपिन, म्हणजे तुझ्या पाकिटावर असतं तसंच सगळं. मोडतोडीत सुधारणा नाही, आणि बाळ १५ टक्के विरुद्ध रिकाम्यात २४ टक्के. इतक्या थोड्या लोकांत हा फरक योगायोगाचा पण असू शकतो, म्हणून गोळीने नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. पण फायदा केला असं तर अजिबात म्हणता येत नाही.

मग "अभ्यासात सिद्ध" असं पाकिटावर कुठून येतं? छोटे छोटे अभ्यास बरेच आहेत, आणि त्यांत मोटिलिटी थोडी वाढलेली दिसते. असे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये नव्वद अभ्यास, दहा हजारांवर पुरुष एकत्र बघितले, फायदा असू शकेल असं दिसलं, पण बाळ झालं का हे मोजणारे मोजकेच, आणि कच्चे अभ्यास बाजूला काढल्यावर बाळाचा फायदा दिसेनासा झाला. मोटिलिटी दोन-चार टक्के वाढणं आणि पाळणा हलणं या वेगळ्या गोष्टी आहेत रे.

आता डबल का नको. स्पर्मच्या आवरणात चरबी खूप असते, ती ऑक्सिडेशनने खराब होते म्हणून अँटिऑक्सिडंट, इथपर्यंत लॉजिक बरोबर. पण तेच ऑक्सिडंट थोडे लागतात पण, अंड्यात शिरण्यापूर्वीची शेवटची तयारी त्यांच्यावरच होते, सगळेच पुसून टाकायचे नसतात. दुसरं, पाकीट उलटं करून सेलेनियम वाच. अशा पाकिटात बऱ्याचदा २०० मायक्रोग्रॅमपर्यंत असतं, डबल केलंस की ४०० होतात, तीच मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा, आणि तुझ्या जिमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये अजून थोडं असेलच. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात. (जिमवरून आठवलं, कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर पळ, त्याने स्पर्म बनणंच बंद पडतं.)

सुरू आहे ती पट्टी संपवून थांबलास तरी चालेल, महिन्याचे पैसे वाचतील. फक्त एक, वहिनीची फोलिक अॅसिडची गोळी तुझ्या नादात बंद करू नकोस हां. तिची ४०० मायक्रोग्रॅम बाळाच्या मणक्यासाठी आहे, तिचा पुरावा भक्कम आहे, तुझ्या गोळीशी तिचा संबंध नाही.

आणि डॉक्टरांनी एकदा हाताने तपासलंय का? व्हेरिकोसिल, म्हणजे शिरा फुगलेल्या असतील तर ते रिपोर्टमध्ये नाही दिसत, उभं करून तपासावं लागतं. तुझ्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक झालेलं नाही. ते आधी करून घे.

पुढची टेस्ट एप्रिलच्या शेवटी, त्याआधी केलीस तर परत तेच जुने स्पर्म मोजशील. दोन्ही वेळा सॅम्पलआधी वीर्य न सोडता तीन दिवसांचा गॅप ठेवलेलास, तेवढाच ठेव. मध्ये परत जोराचा ताप आला तर मला कळव, तारीख पुढे ढकलू. आणि सॅम्पल लॅबच्या खोलीतच दे. मागच्या वर्षी एक जण डोंबिवलीहून डबी घेऊन दादरला आला, फास्ट लोकल रखडली, दीड तासाने डबी माझ्या हातात, एसी डब्यात गार पडलेली. मोटिलिटी १० टक्के. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसवून घेतलं, ५१.

ताई