दोन ओळी मागताना

"मॅडम, काम झालं की क्लायंट फोनवर खूश असतात. पण 'वेबसाइटसाठी दोन ओळी लिहून द्या की' असा मेसेज टाकला की निळी टिक दिसते आणि उत्तर काही येत नाही. परत विचारलं तर लोचट वाटेन. त्यांना काम आवडलंच नसेल का? मागायचं तरी कसं?"

निपाणीचा एक फोटोग्राफर, चिकोडीकडे सोलर पॅनल बसवून देणारा एक तरुण, खानापूरला हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या एक बाई. शब्द थोडे इकडेतिकडे, पण हाच प्रश्न बेळगावात टिळकवाडीच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा येतो. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी कॅटलॉग आणि वेबसाइट करून देते. वय तिशीच्या आत. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला अहोजाहो नको मॅडम, अगंतुगंच करा." झोप येत नाही म्हणून आली होती. तिसऱ्या भेटीत कारण बाहेर आलं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याचं 32 पानी कॅटलॉग तिने जीव ओतून केलं होतं. तिथल्या मार्केटिंगच्या सरांना अभिप्राय मागितला, आणि त्यांचं काहीच उत्तर नाही. रात्री पडल्या पडल्या ती त्या मेसेजवरची निळी टिक बघत बसायची.

मी तो मेसेज वाचायला मागितला. तो असा होता:

> हाय सर, कसे आहात 😊 वेबसाइट अपडेट करतेय. जमलं तर आपल्या कामाबद्दल छान दोन ओळी टाका ना प्लीज. काहीही चालेल. लवकर टाकलात तर बरं 🙏

रात्री पावणेदहाला पाठवलेला. तीन दिवसांनी त्याच्याखाली नुसतं "सर??" आणि त्याच दुपारी उरलेल्या बिलाची आठवणही.

तिला वाटत होतं की मी आता भाषा सुधारून देईन. मी तिला उठवून माझ्या खुर्चीत बसवलं. कोरा कागद दिला आणि म्हटलं, "आता तू सर. हा मेसेज तुला आलाय. उत्तर लिही."

पेन उघडून ती बसली. एक ओळ लिहिली, खोडली. पाचेक मिनिटं गेली. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार वर्षांनी जमायला लागलं आहे, आणि त्याचं मला समाधान वाटतं.

शेवटी ती म्हणाली, "काय लिहू कळंना झालंय. कुठल्या कामाबद्दल? कॅटलॉग की वेबसाइट? छान म्हणजे किती छान? आणि माझं नाव कुठं छापणार ही?"

"मग काय करशील?"

"नंतर बघू म्हणून ठेवून देईन."

एवढं बोलून ती स्वतःच थांबली. आठ दिवस तिने ज्या गप्प बसण्याचा अर्थ 'काम आवडलं नाही' असा लावला होता, तेच गप्प बसणं तिने आत्ता केलं होतं. आणि तेही स्वतःच्याच आवडत्या कामाबद्दल!

पण मला जे हवं होतं ते अजून यायचं होतं. मी विचारलं, "'काहीही चालेल' असं का लिहिलंस? तुला काहीही चालणार होतं का?"

बराच वेळ ती खिडकीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाही. ते नाही म्हणाले तर, मी काय सिरियसली मागितलंच नव्हतं, असं म्हणता यावं म्हणून."

माझ्या मते गाठ सुटली ती इथे. सैल, हसरा, सहज टाकलेला मेसेज आपल्याला विनम्र वाटतो. खरं तर नकार लागू नये म्हणून ते आपण पांघरलेलं घोंगडं असतं. आपण ज्या गोष्टी मोघम ठेवतो त्या समोरच्याला ठरवाव्या लागतात: विषय, लांबी, सूर, मुदत. आपली भीती कमी होते आणि त्याचं काम वाढतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या मुशीत तयार झाले आहे, त्यामुळे माझं लक्ष नेहमी एका जागी जातं: 'मिळालं तर हवं आहे' आणि 'मिळालंच पाहिजे' यांतलं अंतर. ज्याच्या मनात 'पाहिजेच' आहे तो एक तर मागे लागतो, नाहीतर मागितलंच नाही असं सोंग घेतो. ज्याला नुसतं 'हवं' आहे तो सरळ मागू शकतो, कारण 'नाही' ऐकून त्याचं काही कोसळत नाही.

पुढच्या भेटीत तिला एकच काम दिलं. सरांचे जुने मेसेज वाचून काढ आणि त्यांनी आपणहून काही म्हटलं आहे का ते शोध. जानेवारीतल्या एका प्रदर्शनाहून परतल्यावर त्यांनी लिहिलेलं तिला सापडलं: "साइज विचारायचे फोन निम्म्यावर आले. पार्टी आता स्वतःच पान नंबर सांगते." तेव्हा तिने त्यावर नुसता 👍 टाकून मेसेज सोडून दिला होता. जिच्यासाठी ती झुरत होती ती ओळ महिनाभर तिच्याच फोनमध्ये पडून होती.

मग आम्ही मेल लिहिला. व्हॉट्सॲप मुद्दाम टाळलं. तिथे उत्तर लगेच द्यावं लागतं असं वाटतं, आणि वाचल्याची खूण दोघांनाही छळते. मेल माणूस सवडीने उघडतो, आणि वरिष्ठांची परवानगी लागली तर तसाच पुढे पाठवतो. आधी मात्र बिल चुकतं होऊ दिलं. पैसे अडकलेले असताना केलेली अशी विनंती सौद्यासारखी वाचली जाते.

> विषय: व्हॉल्व्ह कॅटलॉगबद्दलचं तुमचं एक वाक्य वापरू का?
>
> सर, नमस्कार.
>
> नोव्हेंबरमध्ये आपण व्हॉल्व्हचं कॅटलॉग पूर्ण केलं. प्रदर्शनाहून आल्यावर तुम्ही मला लिहिलं होतं: "साइज विचारायचे फोन निम्म्यावर आले. पार्टी आता स्वतःच पान नंबर सांगते."
>
> माझ्या वेबसाइटवरच्या 'केलेली कामं' या पानावर हे वाक्य तुमच्या नावासह घेऊ का? 'हो' एवढं उत्तर पुरे. शब्द बदलायचे असतील तर जरूर बदला. कंपनीचं नाव द्यायचं नसेल तर फक्त पद लिहीन.
>
> पान 25 फेब्रुवारीला लावणार आहे. तोवर तुमचं उत्तर आलं नाही तर हे वाक्य न घेता लावेन, आणि या विषयावर पुन्हा विचारणार नाही. नको वाटलं तर मोकळेपणाने सांगा, आपल्या कामावर त्याचा काही परिणाम नाही. उत्तर मराठी, कन्नड, इंग्रजी, कुठल्याही भाषेत चालेल.

या मेलमध्ये गोड असं काही नाही. वाचणाऱ्याला काय करायचं ते विषयाच्या ओळीतच कळतं. वाक्य त्यांचंच आहे, त्यामुळे कोऱ्या कागदापुढे बसावं लागत नाही. ते खाजगी बोलण्यातलं आहे म्हणून विचारून घेतलं आहे. क्लायंटच्या कौतुकाचा स्क्रीनशॉट न विचारता लावणारे खूप जण मी पाहते, आणि मला ते अजिबात पटत नाही. तारीख दिली आहे, पण ती धमकी वाटत नाही, कारण त्या तारखेनंतर काय होणार हेही सांगितलं आहे: काहीच नाही. गप्प राहिलात तरी चालेल असं लेखी मिळालं की माणसाचे खांदे सैल होतात.

भाषेची ओळ इथे हवीच. आमच्याकडे एकच माणूस घरी मराठी, कारखान्यात कन्नड आणि मेलवर इंग्रजी बोलतो. तुझ्याशी मराठीत बोलतो म्हणून मराठीत लिहायची त्याला सवय असेलच असं नाही, आणि 'माझी भाषा चुकेल' या संकोचानेही उत्तरं राहून जातात.

एका वाक्यावर मात्र आमचा वाद झाला. तिला 'अभिप्राय दिलात तर पुढच्या कामावर दहा टक्के सूट' असं घालायचं होतं. मी नको म्हटलं. विकत घेतलेल्या शब्दाने तिची रात्रीची शंका मिटली नसती, उलट वाढली असती. शिवाय गूगलवर रिव्ह्यू लिहून घेण्यासाठी सूट किंवा बक्षीस देणं त्यांच्या नियमांतही बसत नाही.

मेल मंगळवारी सकाळी गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "हो, घ्या. पण कंपनीचं नाव नको, त्याला वरून परवानगी लागते. आधीच्या मेसेजच्या वेळी हाच प्रश्न होता, म्हणून राहून गेलं."

ती मला हे वाचून दाखवताना रडली. तिच्या कामाचा त्या गप्प बसण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

ज्यांच्याकडे असं आयतं वाक्य नसतं, त्यांनी काय करायचं? शहापूरच्या एका साडीविक्रेत्या काकूंसाठी तिने हे नंतर स्वतःच्या बुद्धीने केलं, मला फक्त दाखवलं. काकूंच्या साड्यांचे फोटो आणि वेबसाइट तिने केली होती. 'कसं वाटलं?' विचारलं की 'चांगलं वाटलं' एवढंच येतं, हे ती शिकली होती. म्हणून तिने दोनच प्रश्न लिहिले: काम द्यायच्या आधी तुम्हाला कशाची धाकधूक होती? आणि आता रोजच्या धंद्यात काय वेगळं झालंय? प्रत्येकाला एक ओळ पुरे, टाइप करायला नको असेल तर बोलून पाठवा, मी लिहून तुम्हाला वाचायला देईन.

पहिला प्रश्न मला विशेष आवडतो. नव्या गिऱ्हाइकाच्या मनात तीच धाकधूक असते. काकूंनी बोलूनच पाठवलं: "फोटोत साडीचा रंग बदलंल म्हणून भ्या वाटत होतं बाई. पण रंग वेगळा म्हणून एक बी साडी परत आली न्हाई." तिने हे लिहून काढलं, बोली तशीच ठेवली, आणि छापण्याआधी काकूंना दाखवलं. काकूंनी 'बाई' हा शब्द तेवढा काढायला लावला.

तिसरा मेल एका वर्कशॉपच्या मालकांना होता. मुदत उलटून गेली, उत्तर आलं नाही. ती भेटायला आली तेव्हा मीच विचारलं, "त्यांचं काय झालं?"

"नाही आलं. त्यांच्याशिवाय पान लावलं." मग पर्समधून कागद काढत म्हणाली, "मॅडम, आज दुसरंच विचारायचंय. आईला सांगायचंय की मला वेगळं ऑफिस घ्यायचंय. तुमच्या खुर्चीत बसू का?"