कनेक्टेड दिसतंय, पण साइट उघडत नाही

व्हीपीएनसाठी वायरगार्ड वापरतोयस ना? मग त्या चालू दिसणाऱ्या बटणावर विसंबू नकोस. त्याचा अर्थ फक्त फोनने बोगद्याचं, म्हणजे टनेलचं, आपल्याकडचं तोंड उघडलं. पलीकडून सर्व्हरने उत्तर दिलं की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आधी ॲपमध्ये टनेलच्या नावावर टॅप करून rx, म्हणजे आलेल्या डेटाचा, आणि tx, म्हणजे पाठवलेल्या डेटाचा आकडा बघ. tx वाढतोय आणि rx शून्यावरच अडकलाय, तर उत्तर येतच नाहीये. वायरगार्ड ज्यावर चालतं ते यूडीपी कॉलेज-ऑफिसच्या वायफायवर अनेकदा अडवलेलं असतं. मोबाइल डेटावर करून बघ. तिथे चाललं, तर त्या वायफायवर, सर्व्हरवर सोय असेल तर, ओपनव्हीपीएन टीसीपी, पोर्ट 443 वापर. मोबाइल डेटावरही नाही चाललं, तर कॉन्फिगमधली की किंवा सर्व्हरचा पत्ता बहुधा चुकलाय.

rx वाढत असेल, तर ब्राउझरमध्ये हे टाक:

```
https://1.1.1.1/cdn-cgi/trace
```

हे पान उघडलं आणि नावाने साइट उघडत नसल्या, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचा. माझ्या भावाच्या फोनवर हेच झालं होतं. कॉन्फिगमध्ये घरच्या राउटरचा 192.168.1.1 डीएनएस म्हणून लिहिलेला, आणि बोगद्यातून तिथवर वाटच नव्हती. ती ओळ अशी केली:

```
DNS = 1.1.1.1
```

टनेल बंद करून परत चालू केला, लगेच साइट उघडल्या. अँड्रॉइडचं प्रायव्हेट डीएनएसही तपास. तिथे जुनं, बंद पडलेलं होस्टनेम राहिलं असेल तर ही ओळ बदलूनही काही होणार नाही.