वचने दोन्ही बाजूंची: गुलामांचा व्यापार आणि बायबल

बायबल गुलामगिरीच्या बाजूने आहे की विरुद्ध? दोन्ही पक्ष एकाच ग्रंथाचा दाखला कसा देत होते?

ओळीला ओळ लावून भांडायचं ठरवलं, तर समर्थकांचं पारडं जड होतं. हे मान्य केल्याशिवाय त्या वादाची गंमत कळत नाही.

१७८८ सालचं लिव्हरपूल घ्या. गुलामवाहू जहाजांचं हे ब्रिटनमधलं सर्वांत मोठं बंदर. तिथे रेमंड हॅरिस या नावाने राहणाऱ्या मूळच्या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने गुलामांच्या व्यापाराचं समर्थन करणारी एक पुस्तिका काढली आणि नगरपालिकेने खूश होऊन त्याला १०० पौंड बक्षीस दिले. त्याची युक्ती साधी होती. वाद सुरू व्हायच्या आधीच त्याने वाचकाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: देवाच्या वचनात ज्याला मान्यता आहे ते पाप असू शकत नाही, मग आपल्या बुद्धीला ते पटो वा न पटो. एवढं कबूल केलंत की पुढे तो एकेक प्रसंग समोर ठेवतो. अब्राहामाच्या घरून पळालेल्या हागार दासीला देवदूत सांगतो, मालकिणीकडे परत जा. लेवीय २५ मध्ये इस्राएलांना आसपासच्या राष्ट्रांतून दास विकत घेण्याची आणि ते मुलांना वारशात देण्याची परवानगी आहे. नव्या करारात पौल ओनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतो.

विरोधकांनी प्रत्येक वचनाला वचन शोधलं. हॅरिस लिहायच्या बारा वर्षं आधीच ग्रॅनव्हिल शार्पने उत्तराची पायवाट पाडून ठेवली होती. हा लंडनचा सरकारी कारकून, पण हिब्रू-ग्रीक शिकलेला आणि वादाला न कंटाळणारा. त्याचं म्हणणं असं की इस्राएलांना मिळालेली परवानगी ठरावीक कनानी जमातींपुरती आणि त्या काळापुरती होती. ती इंग्रज मळेवाल्याला लागू होत नाही. आणि अनुवाद २३:१५ काय सांगतो? धन्याकडून पळून तुमच्याकडे आलेल्या दासाला परत देऊ नका. शार्पच्या डोळ्यांसमोर तेव्हा पळालेल्या गुलामांना लंडनमध्ये पकडून वेस्ट इंडीजच्या जहाजात कोंबणारे मालक होते. असे खटले तो स्वतः लढवत होता, त्यामुळे हे वचन त्याच्यासाठी नुसतं पाठांतर नव्हतं.

फिलेमोनाच्या पत्राचं मात्र गंमतशीर झालं. समर्थक बाराव्या ओवीपर्यंत वाचून थांबत, कारण तिथे ‘परत पाठवतो’ आहे. विरोधक सोळावीपासून सुरू करत, कारण तिथे ‘यापुढे दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून’ असं आहे. पत्र उणंपुरं पंचवीस ओव्यांचं!

हामला मिळालेल्या शापामुळे आफ्रिकी लोक गुलाम झाले, असं खरोखर बायबलमध्ये लिहिलं आहे का?

नाही. उत्पत्ती ९ मध्ये नोहा दारू पिऊन उघडा पडतो, त्याचा मुलगा हाम ते पाहतो, आणि शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो तो हामला नव्हे, हामचा मुलगा कनान याला. आफ्रिकेचा, काळ्या रंगाचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. तरी शतकानुशतकं हे सांगितलं गेलं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत तर यादवीपर्यंत हे हुकमी उत्तर होतं.

याचा समाचार मला सर्वांत आवडतो तो ओटोबा कुगोआनोचा. आजच्या घानाच्या किनारपट्टीवरून त्याला लहानपणी पळवून ग्रेनाडाच्या मळ्यांवर नेलं होतं. पुढे तो लंडनला आला, स्वतंत्र झाला आणि १७८७ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्यात तो दाखवतो की शाप फक्त कनानाच्या वंशाला होता आणि आफ्रिकी लोक त्या वंशातले नाहीत. एवढ्यावर न थांबता पुढे लिहितो: काही इतिहासकारांच्या मते यहोशवाच्या काळी पळालेले काही कनानी इंग्लंडात, कॉर्नवॉलच्या बाजूला जाऊन राहिले! म्हणजे शाप शोधायचाच असेल तर आपल्या गावात शोधा.

चळवळीने गुलामगिरीवर हल्ला न करता फक्त व्यापारावर का केला?

मुख्य कारण राजकीय. २२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती बसली तेव्हा बारा सभासद होते, त्यांतले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. गुलाम म्हणजे मालकाची मालमत्ता, आणि तिला हात घातला तर संसद उभी करणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. समुद्रावरचा व्यापार मात्र संसदेच्या कायद्याखाली येत होता. शार्पला हा मुद्दा पटला नव्हता, पण बहुमतापुढे तो नमला.

धर्मग्रंथाच्या वादातही हा डाव फायद्याचा ठरला. घरात दास ठेवण्याबद्दल बायबल गोलमाल बोलतं. माणूस पळवून विकण्याबद्दल मात्र मुळीच गोलमाल नाही. निर्गम २१:१६ मध्ये त्याला देहदंड आहे, आणि १ तीमथ्य १:१० मध्ये माणसं पळवणारे खुन्यांच्या यादीला लागूनच आहेत. पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्यावर माणूस मिळतो कसा, हाच प्रश्न लावून धरला की हॅरिसचे हागार आणि ओनेसिम बाजूला पडतात. म्हणून तर चळवळीचा कार्यकर्ता टॉमस क्लार्कसन बंदराबंदरांतून खलाशांच्या साक्षी गोळा करत हिंडला.

क्वेकर जन्मतःच निष्पाप नव्हते, हेही सांगायला हवं. पेनसिल्व्हेनियातल्या अनेक सुखवस्तू क्वेकरांकडे गुलाम होते. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत बेंजामिन ले हा बुटका, कुबड असलेला गृहस्थ उभा राहिला. अंगावरचा साधा झगा त्याने टाकला. आत लष्करी पोशाख आणि तलवार. हातातल्या पुस्तकाचं पोट कोरून त्यात लाल फळांच्या रसाची पिशवी दडवली होती. तलवार पुस्तकात खुपसून त्याने तो रस गुलाम बाळगणाऱ्यांवर उडवला. त्याला उचलून बाहेर काढलं. फिलाडेल्फियाच्या सभेने गुलाम ठेवणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं ते १७७६ मध्ये, म्हणजे पुढे अडतीस वर्षांनी.

चर्चच गुलामांचं मालक होतं, हे खरं का?

खरं आहे. बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टनचे दोन मळे १७१० मध्ये मृत्युपत्राने अँग्लिकन चर्चच्या परदेशी धर्मप्रसार संस्थेकडे आले. सुरुवातीच्या काळात तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. १७८३ मध्ये बिशप बील्बी पोर्टियसने याच संस्थेपुढे प्रवचन करून गुलामांना माणसासारखं वागवा, शिकवा असं विनवलं; संस्थेने ते मनावर घेतलं नाही. गुलाम मुक्त झाल्यावर ४११ जणांपोटी सरकारने ८,८२३ पौंड भरपाई दिली, तीही संस्थेलाच.

गुलामांनी स्वतः बायबल वाचलं तेव्हा त्यांना काय सापडलं?

सुटकेची वचनं. म्हणूनच तर बायबल त्यांना जपून दिलं जाई. १८०७ मध्ये, व्यापारबंदीचा कायदा झाला त्याच वर्षी, वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी ‘निवडक’ बायबल छापलं गेलं. गुलामीतून सुटका करणाऱ्या मोशेची कथा त्यातून गायब. ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ मात्र शाबूत. ज्या संस्थेसाठी ते छापलं ती पोर्टियसचीच होती, व्यापाराविरुद्ध बोलणाऱ्या त्याच बिशपची.

पण बॅप्टिस्ट मिशनऱ्यांमुळे जमैकात बरेच जण पूर्ण बायबल ऐकत-वाचत होते. सॅम शार्प हा तिथला गुलाम आणि चर्चचा डीकन. मत्तयमधलं ‘कोणी दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही’ हे वचन तो सभांतून सांगे. १८३१ च्या नाताळात त्याने मजुरीशिवाय काम न करण्याचा बेत आखला. त्याचं बंडात रूपांतर झालं, मळे जळाले, आणि त्याला मे १८३२ मध्ये फाशी दिलं. संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला तो पुढच्याच वर्षी.