रिकाम्या महिन्याची वही

प्रिय पोरा,

तुझं पत्र पोचलं. मार्केट साइडवेज आहे, म्हणजे एकाच पट्ट्यात वरखाली फिरतंय, तू दहा दिवस सौदा केलेला नाहीस आणि रूमवरची पोरं तुला ‘घाबरट’ म्हणतात, एवढंच त्यात आहे. माझाही असा एक महिना गेलाय, तो सांगतो.

तेव्हा मी शाहूपुरीतल्या एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात बसायचो. भांडवल पाच लाख, आणि एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे पाच हजार गमवायची तयारी. माझी पद्धत ब्रेकआउटची: भाव आधी जिथं अडत होता ती पातळी ओलांडून वर गेला की घ्यायचं. एक शेअर तीन आठवडे ४८० ते ५०० मध्ये फिरत होता. ५०० च्या वर निघाला तसे ५०२ ला ५०० शेअर घेतले, स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकून बाहेर पडायचा भाव, ४९२. भाव ५०६ ला टेकला आणि ४९७ ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी स्टॉप लॉस लागला, पाच हजार गेले. ठरलेला तोटा, त्याचं दुःख नाही.

आठवड्यानं पुन्हा वर निघाला. ५०३ ला घेतले, स्टॉप लॉस ४९३. सकाळी बाजार उघडला तोच ४८८ ला. मधले भाव आलेच नाहीत, त्यामुळे ऑर्डर ४८८ लाच भरली गेली आणि पाचऐवजी साडेसात हजार गेले. ही गोष्ट नीट लक्षात घे. उलटसुलट बाजारात रात्रीतून गॅप पडतो, आणि वहीवर लिहिलेली जोखीम प्रत्यक्षात तेवढीच राहत नाही.

त्या संध्याकाळी मी चार्ट बारकाईनं पाहिला. रोजची कँडल, म्हणजे दिवसभराच्या चढउताराची पट्टी, आदल्या दिवशीच्या कँडलच्या आसपासच बसत होती. वरचं टोक गाठलं की दुपारनंतर विक्री, खालचं गाठलं की खरेदी. भावाच्या चालीत जोर किती ते दाखवणारा एडीएक्स २० च्या खाली होता, म्हणजे जोर नव्हता. तो आकडा मागून हलतो, म्हणून मी एकट्या त्याच्यावर विसंबत नाही, पण त्या दिवशी त्याची आणि कँडलची साक्ष एकच होती. मी वहीत लिहिलं: सलग दोन दिवस ५०० च्या वर बंद भाव मिळेपर्यंत सौदा नाही.

मग हसणं सुरू झालं. ऑफिसातला एक जण रोज विचारायचा, “काय काका, दुकान बंद?” एका दिवशी त्याला इंट्राडेमध्ये चार हजार सुटले. त्यानं सगळ्यांना पेढे वाटले, माझ्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाला, “बसून खावा.” घरी मेहुण्यानं ऐकवलं, “त्यापेक्षा गूळ विका.” ते मला जास्त लागलं, कारण माझे वडील गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. हंगाम संपला की सौदे थंडावायचे आणि वडील जुन्या वह्या तपासत बसायचे. गुऱ्हाळं बंद असताना रिकाम्या बसलेल्या अडत्याला कोणी भित्रा म्हणत नाही, कारण मालच आलेला नाही हे सगळ्यांना दिसतं. शेअर बाजार मात्र रोज सव्वानऊला उघडतो, पडद्यावर भाव हलत राहतात, आणि माल आलाय असंच वाटतं.

मी नुसता बसून नव्हतो. माझ्या जुन्या नियमानं जो सौदा झाला असता, तो पेन्सिलीनं लिहायचो. महिन्यात असे चार झाले. तीन वेळा पाच-पाच हजार गेले असते, एकदा चार हजार आले असते. म्हणजे अकरा हजारांचा तोटा आणि ब्रोकरेज, कर वेगळे. आधीच्या साडेबारा हजारांत हे मिळवलं असतं, तर माझी पुढच्या सौद्याची साइज डळमळली असती. माणूस तोटा भरून काढायला साइज वाढवतो किंवा भीतीनं ती अर्धी करतो, आणि खरी चाल येते तेव्हा दोन्ही चुकीचे ठरतात. तो पेढेवाला पुढं साइज वाढवत गेला. त्याची गोष्ट मी इथं लिहीत नाही, त्याच्या घरी त्या वर्षी फार त्रास झाला.

शेवटी बंद भाव ५०४ आला, दुसऱ्या दिवशी ५०९. तिसऱ्या दिवशी मी ५११ ला घेतले, स्टॉप लॉस ५०१. पहिल्या ब्रेकआउटच्या भावापेक्षा नऊ रुपये महाग. ५०० शेअरवर साडेचार हजार मी हातचे सोडले, आणि थांबण्याची ही किंमत दर वेळी द्यावीच लागते. भाव चालला नसता तर ५०१ ला मी पुन्हा बाहेर पडलो असतो. तो चालला, आणि ५४६ ला निघालो.

तू या दहा दिवसांत सोडलेले सौदे लिहिलेस का? लिहिले नसतील तर आज चार्ट मागं नेऊन लिही, पण पुढचं काय झालं ते झाकून. फायद्याचे झाले असतील तेही लिही, ते लपवू नकोस. येत्या रविवारी वही घेऊन ये. मिसळ खाऊ आणि एकेक सौदा पाहू.

तुझा,
काका

कोल्हापूर