बरगड्या मोडल्यात तर ऑपरेशन लागतं का?

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, दादर स्टेशनच्या जिन्यावर पडले. चार बरगड्या फ्रॅक्चर, डॉक्टर फक्त गोळ्या आणि फुंकायचे बॉल देतायत. ऑपरेशन करून हाडाला धातूची प्लेट बसवायला नको का?

उत्तर: बहुतेक वेळा प्लेट लागत नाही, पण या वयात खरा धोका हाडाचा नसून न्यूमोनियाचा असतो. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साठतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, दोन-चार दिवसांत ताप. म्हणून पॅरासिटामॉल दुखेल तेव्हा नाही, ठरल्या वेळेला द्यायची. तरीही खोकताना कळवळत असतील तर नर्व्ह ब्लॉक किंवा एपिड्युरल, म्हणजे छातीच्या नसा बधिर करणाऱ्या इंजेक्शनबद्दल आजच विचारा, उद्यावर ढकलू नका प्लीज. आणि तो श्वासाच्या व्यायामाचा बॉलवाला स्पायरोमीटर फुंकायचा नसतो हो, आत ओढायचा असतो! उशी छातीशी धरून खोकायला लावा, छातीला पट्टा मात्र आवळू नका.

ऑपरेशनचा विचार कधी, तर लागून असलेल्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या की तो तुकडा सुटा होतो, श्वास घेताना छाती फुगते आणि तो आत जातो, याला फ्लेल चेस्ट म्हणतात. शिवाय मोडलेल्या हाडांची टोकं खूप सरकली असतील किंवा नीट ब्लॉक देऊनही श्वास ढासळत असेल तेव्हा. करायचंच तर शक्यतो पहिल्या ७२ तासांत बरं. बॉल कालपेक्षा कमी उचलला जातोय, खोकला क्षीण झालाय, दम लागतोय, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.