उधारी फिटते, पण किटचं काय?

"ताई, आम्ही दर दिवाळीला वस्तीत फराळाच्या सामानाचं किट वाटतो. मागच्या वर्षी एका ओळखीच्या बाईंनी ते घेतलं आणि तेव्हापासून आम्हाला बघून रस्ता बदलतात. खूप लागलंय मनाला. देऊन आमचं काय चुकलं? यंदा वाटावं की नाही?"

तुमचं वाचलं आणि मला अण्णा आठवले. नाव बदललंय, त्यांना विचारूनच लिहितेय. तालुक्याच्या गावात त्यांचं किराणा दुकान, वडिलांपासूनचं. एका वर्षी दसऱ्यानंतर बायको त्यांना माझ्याकडे घेऊन आली कारण झोप लागत नव्हती आणि दुकानातल्या पोराशी सारखी भांडणं. दिवाळी जवळ आली की राग वाढतो एवढंच तिला कळलं होतं.

त्याच्या आदल्या दिवाळीत त्यांनी ५१ किट वाटली होती. रवा, मैदा, साखर, पोहे, चणाडाळ आणि तेलाची पिशवी, एका किटला साधारण ४०० रुपये, म्हणजे वीस हजारांच्या वर गेले. दुकानापुढे मांडव, वडिलांच्या नावाचा बॅनर, माईकवरून एकेकाचं नाव पुकारायचं आणि फोटो काढायचा. त्यात एक बाई होत्या, तीन-चार घरी स्वयंपाकाचं काम करणाऱ्या, ह्यांच्याच दुकानाच्या रोजच्या गिऱ्हाईक. त्यांनी किट घेतलं, फोटो झाला, आणि नंतर त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. लांबच्या दुकानातून पिशवी भरून ह्यांच्या समोरून जायच्या. अण्णांचं एकच वाक्य, "मी दिलं म्हणून तोंड फिरवलं, माणसाला किंमत नाही हो."

अशा वेळी मी बरोबर-चूक काढत बसत नाही, आधी तो प्रसंग सावकाश सांगायला लावते, आत्ता डोळ्यासमोर घडतोय असा. कोण कुठं उभं होतं, कुणाचे हात कुठं होते. अण्णा सांगत गेले आणि मधेच थांबले. म्हणाले, पोरगा होता बरोबर, दहावीतला, नाव पुकारलं तेव्हा तो आईच्या मागं सरकला, फोटोवाल्यानं त्याला हाताला धरून पुढं ओढलं. समोर त्याच्याच वर्गातली दोन-तीन पोरं उभी होती. वर्षभर हे त्यांना आठवलं नव्हतं, आठवली होती ती फक्त पाठ फिरवलेली बाई.

पुढच्या वेळी, कोजागिरीनंतर, मी त्यांना उधारीची वही घेऊन या म्हटलं. त्या बाईंचं पान काढलं. तीन वर्षांचा हिशोब होता, महिनाभर सामान आणि दर ७ तारखेला पैसे, एखाद्या महिन्यात १० तारीख, पण चुकवलेलं एकदाही नाही. शेवटची नोंद भाऊबीजेनंतरच्या चौथ्या दिवसाची होती, १,३४० रुपये जमा, बाकी शून्य. महिन्याची ७ तारीख यायच्या आत त्यांनी सगळं मिटवलं होतं आणि खातं बंद केलं होतं. पैसे दुकानातल्या पोराकडे दिले होते, अण्णांना ते माहीतच नव्हतं. बराच वेळ ते त्या पानाकडे बघत होते.

मग मी त्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत विचारलं, की उधारी घेणारा माणूस तुमच्यासमोर ताठ का उभा राहू शकतो? तर ७ तारखेला फेडणार असतो म्हणून. किट त्या बाई कुठल्या तारखेला फेडणार होत्या? न मागितलेली वस्तू, ती पण चारचौघात नाव पुकारून हातात पडली, की ती फेडायची सोयच उरत नाही, आणि ज्याचं फेडता येत नाही त्याच्या नजरेला नजर देणं जड जातं, मग माणूस रस्ता बदलतो. ह्याला आपण कृतघ्नपणा म्हणून मोकळे होतो. खरं तर त्या बाईंना त्यांची पत परत हवी होती, वर्षानुवर्षं ७ तारीख सांभाळून मिळवलेली.

अण्णांच्या आई रोज गीतेचा अध्याय वाचतात. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत ते त्यांना पाठ होतं. परत काही मिळेल म्हणून दिलेलं ते राजस, आणि मान न ठेवता दिलेलं ते तामस. अण्णा हे लहानपणापासून ऐकत होते, पण तामस म्हणजे कुणीतरी दुसरी वाईट माणसं असं वाटायचं म्हणाले.

त्याच दिवशी त्यांना मिठाईचा बॉक्स घेऊन त्या बाईंच्या घरी माफी मागायला जायचं होतं. मी थांबवलं. दारात दुकानदार उभा, शेजारी बघतायत, आणि आता माफ करायचं ओझंही त्यांच्यावरच. त्यापेक्षा दुकानातल्या भिंतीवरचा वाटपाचा फोटो काढा, ग्रुपवरचे पण डिलीट करा, आणि कुणाला सांगू नका.

मग येणाऱ्या दिवाळीला काय करायचं ह्यावर आम्ही बराच वेळ बोललो. ठरलं ते असं, की वसुबारसेच्या आधीचे आठ दिवस फराळाचं सामान सगळ्यांना खरेदीच्या भावात द्यायचं, गरीब कोण हे न विचारता. पाव किलोच्या पुड्या पण बांधून ठेवायच्या, कारण हातात पन्नासच रुपये असले की माणूस किलोचा भाव विचारायलाही बिचकतो. पहिल्याच दिवशी एकानं दहा किलो रवा उचलला, दुसरीकडे विकायला, मग माणशी दोन किलोची मर्यादा घातली. ज्यांना तेवढंही जमणार नव्हतं त्यांचं वहीत लिहायचं, दिवाळीनंतर जमेल तसं द्या म्हणायचं. आणि एक आजोबा अगदी एकटे होते, त्यांना वहीचा पण उपयोग नव्हता, त्यांचं सामान दुकानातला पोरगा रोजच्या दुधाच्या पिशवीबरोबर ठेवून यायचा.

अण्णांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारली, मग वडिलांच्या नावाचं काय? मला त्यात काही वाईट दिसलं नाही, बापाचं नाव राहावं असं कुणालाही वाटतं. फक्त त्या नावाखाली कुणाचा चेहरा नको. त्यांनी गावच्या वाचनालयाला वडिलांच्या नावानं एक कपाट दिलं, बॅनरचा खर्च तिकडे गेला.

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्या बाईंचा मुलगा दुकानात आला. अर्धा किलो रवा, पाव किलो साखर आणि उटण्याची पुडी घेतली, पैसे दिले, उरलेले तीन रुपये मोजून खिशात टाकले. अण्णा मला म्हणाले, ताई, तोंडापर्यंत आलं होतं की राहू दे रे पैसे, पण गिळलं. बावीस वर्षांत गल्ल्यावर बसून एवढं अवघड काही केलं नव्हतं म्हणाले.

आता तुमच्याबद्दल. यंदा काही ठरवायच्या आधी मागच्या वर्षीचे फोटो एकट्यानं बसून बघा, पण वस्तू देणाऱ्याकडे बघू नका, घेणाऱ्यांच्या मानेकडे आणि लेकरांकडे बघा. ज्यांनी स्वतः न येता पोरांना पाठवलं, जे फोटोत खाली बघतायत, ते तुम्हाला तेव्हाच काहीतरी सांगत होते. आणि त्या बाईंना "का टाळता" असं विचारायला कृपा करून जाऊ नका, दुसऱ्या कुणाकडून विचारूही नका. त्या तुमच्याकडे काही विकत घ्यायला किंवा काही कामानं आल्या तर इतर कुणाशी बोलता तसंच बोला, तेवढंच.

अण्णांकडे त्या बाई स्वतः अजून आलेल्या नाहीत. मुलगा येतो. पाडव्याला नवीन वही उघडली तेव्हा अण्णांनी त्यांच्या नावाचं पान घातलं नाही, ते त्यांनी सांगितलं तरच उघडायचं असं ठरवलंय.